अनुभव धागा: ट्रेसरूट वाचताना तुम्ही कोणत्या हॉपला दोष दिला होता?

जुना_मोडेम: मीटिंगमध्ये आवाज तुटतो म्हणून काल भाचीने `tracert` चा, म्हणजे पॅकेट वाटेत कोणकोणत्या राउटरवरून जाते ते दाखवणाऱ्या ट्रेसरूट कमांडचा, फोटो पाठवला आणि मला माझी जुनी फजिती आठवली. पुण्यातील घरापासून ऑफिसच्या मुंबईतील सर्व्हरपर्यंतचा मार्ग तेव्हा साधारण असा दिसत होता; प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक राउटर, म्हणजेच एक हॉप, आणि आकडे त्याचे उत्तर यायला लागलेला वेळ:

```
1    2 ms    1 ms    2 ms  192.168.1.1
2    8 ms    9 ms    8 ms  10.20.0.1
3    *       *       *     Request timed out.
4  184 ms  171 ms  190 ms  203.0.113.9
5   12 ms   11 ms   12 ms  203.0.113.33
6   13 ms   12 ms   13 ms  198.51.100.7
```

तिसऱ्या ओळीतील चांदण्या आणि चौथीतील १८४ यांवरून मी इंटरनेट कंपनीशी चार दिवस भांडलो; शेवटची ओळ मात्र वाचलीच नाही. आपलेही अनुभव लिहावेत.

नाशिककर: चांदण्या आहेत म्हणजे तिथे पॅकेट हरवत आहेत. आपले भांडण योग्यच होते, असे मला वाटते.

रात्रपाळी: नाशिककर, तिसऱ्या हॉपवर सगळी पॅकेट हरवली असती, तर त्याच्या पुढून एकही उत्तर आले नसते. आलेले पॅकेट पुढे धाडणे हे राउटरचे मुख्य काम. टीटीएल, म्हणजे पॅकेटला ठरवून दिलेली हॉपची मर्यादा, संपल्याचे उत्तर लिहिणे हे त्याच्या दृष्टीने वरकाम असल्यामुळे तो ते सावकाश करतो, मोजकेच करतो किंवा मुळीच करत नाही. चौथ्या हॉपचे १८४ पाचव्यावर १२ झाले, म्हणजे उशीर वाटेत नसून केवळ त्या राउटरच्या उत्तरात होता. वाढ शेवटपर्यंत टिकली, तरच संशय घ्यावा.

घाईत_आहे: माझ्याकडे स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, तरीही आवाज तुटतो. मी मोठा प्लॅन घ्यावा का? (कुकरची शिट्टी झाली, नंतर वाचते.)

जुना_मोडेम: ताई, आधी खर्च करू नका. माझा दोष अखेर घरातच सापडला. `tracert` प्रत्येक हॉपला तीनच पॅकेट पाठवतो, त्यामुळे अधूनमधून होणारी गळती त्यात सहज निसटते. घरच्याच राउटरला `ping -t 192.168.1.1` अर्धा तास चालू ठेवल्यावर दर काही मिनिटांनी सलग चार-पाच उत्तरे गळताना दिसली. लॅपटॉपला केबल जोडताच गळती थांबली. दोष वायफायचा होता.

परदेशस्थ: मी फ्रँकफुर्टहून आईच्या ठाण्यातील राउटरपर्यंत पाहतो, तेव्हा एका हॉपवर आकडा १० वरून १३० वर जातो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. वरील नियमानुसार तो हॉप बिघडलेला मानावा का?

रात्रपाळी: नाही, तो समुद्राखालच्या केबलचा प्रवास असावा. फायबरमध्ये प्रकाशाला २०० किलोमीटरला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, आणि आपण जाऊन-येऊन मोजतो. मात्र त्याच मार्गावर आकडा २५० झाला, तर चौकशी करावी.

परदेशस्थ: गेल्या महिन्यात तो २६० झाला होता! परंतु उत्तरे परतताना दुसऱ्याच वाटेने येत असतील, तर दोष जाण्याच्या वाटेवर आहे की येण्याच्या, हे एका टोकावरून कसे ओळखावे?

रात्रपाळी: एका टोकावरून ते खात्रीने सांगता येत नाही. ठाण्याहून उलट दिशेचा ट्रेसरूट मिळवून दोन्ही शेजारी ठेवावेत.

परदेशस्थ: म्हणजे आईला फोनवर कमांड टाइप करायला सांगावी लागणार. रविवारी प्रयत्न करतो.