१८०० लोक, दीड तास, १५ डेस्क: एकच रांग की अक्षरांप्रमाणे काउंटर?

मुक्ता
दोन दिवसांची परिषद आहे, नोंदणी १८०० झालीये. दारं ८ ला उघडणार, पहिलं सत्र ९:३० ला. बॅज आधीच छापून आलेत. एका माणसाला साधारण ४५ सेकंद लागतात, म्हणजे एक डेस्क दीड तासात १२० लोक करतो, १५ डेस्क लावले की झाले १८००. पुरतील ना एवढे? आणि टीममध्ये वाद चाललाय, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे काउंटर करायचे की सगळ्यांची एकच रांग. तुमचं मत सांगा.

अभिजित
हिशोब बरोबर वाटतोय, मी दोन डेस्क जास्त धरले असते एवढंच. रांगेचं म्हणाल तर डोळे झाकून एकच लावा. अक्षरांप्रमाणे केलं की एका काउंटरवर झुंबड आणि शेजारच्यावरचा माणूस मोबाईल बघत बसलेला, हे दर वेळी दिसतं. शिवाय एका ऑफिसातले चौघं एकत्र आले की चार वेगवेगळ्या रांगांत जातात आणि ज्याचं आधी होतं तो तिथेच डेस्कसमोर बाकीच्यांची वाट बघत उभा राहतो. एकच रांग केली की सगळ्यांचंच लवकर आटपतं.

टाचणी
रांगेचं नंतर बघू, आधी तो १५ चा आकडा. मुक्ता, तुम्ही असं धरलंय की लोक ८ ते ९:३० एकसारखे येत राहणार. ठरलेल्या वेळेला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला लोक तसे येतच नाहीत, आधी तुरळक येतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात लोंढा येतो. अंदाज म्हणून धरा, ८ ते ८:३० मध्ये २७०, पुढच्या अर्ध्या तासात ५४०, ९ ते ९:३० मध्ये ८१० आणि १८० जण उशिरा.

दुसरं म्हणजे ४५ सेकंद हे ज्याचं सगळं सुरळीत आहे त्याचे. दहातला एक असा निघतो की यादीत नाव नाही, पैसे भरल्याची नोंद दिसत नाही, सहकाऱ्याच्या जागी आलाय, बॅजवर नाव चुकलंय. त्याला तीन मिनिटं धरा, की सरासरी जवळजवळ एका मिनिटावर जाते. मग १५ डेस्क मिनिटाला १५ लोक सोडणार, अर्ध्या तासात ४५०.

आता घड्याळ चालवून बघा. पहिल्या अर्ध्या तासात २७० आले, डेस्कवाले बराच वेळ नुसते बसले आणि तो रिकामा वेळ पुढे कामाला येत नाही. ८:३० ते ९ मध्ये ५४० आले, ४५० गेले, ९० मागे राहिले. ९ ते ९:३० मध्ये आणखी ८१० आले, गेले परत ४५०च. म्हणजे पहिला वक्ता माईक हातात घेतो तेव्हा तुमच्याकडे ४५० लोक बाहेर रांगेत आहेत आणि शेवटच्याला अजून अर्धा तास लागणार आहे. उशिरा येणारे धरले तर रांग संपायला १०:१० वाजून जातात.

मुक्ता
बापरे. पण दहातला एक म्हणजे जास्त नाही का? आमची नोंदणी आठवडाभर आधी बंद होणार आहे.

टाचणी
तुमच्याकडे कमी असेलही, मी पैज लावणार नाही. पण ४५ सेकंद कसे मोजलेत ते सांगा. बोलायला सुरुवात झाल्यापासून बॅज हातात पडेपर्यंत मोजले असतील तर तो आकडा उपयोगाचा नाही. एक माणूस डेस्क सोडतो तिथपासून पुढचा माणूस डेस्क सोडतो तिथपर्यंत मोजायचं, कारण पुढचा चालत येणार, फोन काढणार, मेल शोधणार, स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवणार, हे सगळं त्याच वेळात येतं. टीममधल्या दहा-बारा जणांना रांगेत उभं करून एकदा खरंच करून बघा.

दिगंबर
मी परीक्षा केंद्रावर काम केलेलं आहे, तिथे याहून जास्त गर्दी असते. साधा उपाय, ९:१५ ला गेट बंद असं आधीच कळवून टाका, लोक आपोआप तासभर आधी हजर होतात. आणि बाहेर मोठ्या फलकावर नंबर आणि कुठल्या खोलीत जायचं ते लावा, डेस्क लागतच नाहीत.

मुक्ता
दिगंबर काका, गेट बंद नाही हो करू शकत, लोकांनी फी भरलीये आणि काही जण थेट प्रवासातून येणार आहेत. माझा प्रश्न डेस्क किती आणि रांग कशी एवढाच आहे.

टाचणी
काकांचा फलक मात्र सोडू नका. रांगेत शिरायच्या आधी, दहा-पंधरा पावलं अलीकडे, "तुमचं नाव कुठल्या विभागात" हे डोक्याच्या वरच्या उंचीवर लावा. टेबलाला चिकटवलेला कागद समोर चार माणसं उभी राहिली की दिसत नाही, मग माणूस चुकीच्या रांगेत दहा मिनिटं घालवून परत मागे जातो आणि तिथे आवाज चढतात.

रेश्मा
मी व्हॉलंटियरची टीम सांभाळते म्हणून सांगते, यावर एकच इलाज, हेल्प डेस्क वेगळा. डेस्कवरच्या मुलामुलींना सक्त सांगायचं, दहा सेकंदांत नाव सापडलं नाही तर "या बाजूला या, आमच्या ताई बघतील" म्हणून पाठवून द्यायचं, स्वतः सोडवत बसायचं नाही. नवी मुलं मदत करायच्या उत्साहात तिथेच अडकतात, मागचे वीस जण खोळंबतात.

अभिजित
म्हणजे मुख्य रांग परत ४५ सेकंदांवर आली, मग १५ पुरले की! मी तेच म्हणत होतो.

टाचणी
नाही पुरत. रेश्माताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण काम फक्त जागा बदलतं, कमी होत नाही. ९ ते ९:३० च्या ८१० मधले ८१ अडचणीचे, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे त्या अर्ध्या तासात नुसत्या हेल्पला ८ डेस्क लागतात. उरलेले ७२९ लोक ४५ सेकंदांनी करायला १८. एकूण २६. एका कोपऱ्यात एक टेबल आणि एक ताई ठेवली तर तिथेच दुसरी रांग उभी राहील, आणि ती जास्त चिडलेल्या लोकांची.

म्हणून डेस्क वाढवायच्या आधी काम कमी करा. त्या ४५ सेकंदांत पिशवी, वही, कार्यक्रमपत्रिका देणं आहे का? असेल तर ते पुढे आत एका टेबलावर न्या, लोक जाता जाता उचलतील. डेस्क ३० सेकंदांवर आला तर १८ चे १२ होतात, हेल्पचे ८ धरून २०. आणि ते ८ कमी करायचे तर आदल्या आठवड्यातच, यादी तपासून, पैसे बाकी असलेल्यांना फोन करून, "बॅजवर तुमचं नाव असं आहे, चूक असेल तर कळवा" असा मेल टाकून. अडचणीचे दहातल्या एकावरून विसातल्या एकावर आले तर हेल्पला ४ डेस्क पुरतात. हे सगळं काठोकाठ आहे, एक लॅपटॉप अडकला की गेलं, त्यामुळे वर दोन-तीन राखीव ठेवा.

मुक्ता
पिशवी डेस्कवरच देणार होतो. ती आत नेते. आदल्या संध्याकाळी पण बॅज द्यायला बसायचं का मग?

टाचणी
नक्की बसा. बाहेरून येऊन आदल्या दिवशी मुक्कामाला असणारे जितके तेव्हा उरकतील तितका ९ नंतरचा लोंढा कमी.

रेश्मा
आणि ८ वाजता सगळ्यांना बसवू नका. ८ ला निम्मे डेस्क, बाकीच्यांना नाश्ता करून ८:२५ ला जागेवर. ९:४५ नंतर परत कमी करा. आठपासून उभी असलेली मुलं सव्वानवाला थकतात आणि नेमकी तेव्हाच गर्दी असते.

अभिजित
ठीक, आकड्यांचं मान्य. पण एकच रांग यावर कोणी बोललंच नाही.

टाचणी
बोलतो. एकच रांग केली म्हणून मिनिटाला जास्त लोक सुटत नाहीत. डेस्क तेवढेच, माणसं तेवढीच. फायदा असा की एकही डेस्क रिकामा राहत नाही आणि कोणी एका अडलेल्या माणसामागे फसत नाही. पण मुक्ताचे बॅज आधीच छापलेले आहेत, ते विसरलात. एकच रांग म्हणजे कुठलाही माणूस कुठल्याही डेस्कवर येणार, मग १८०० बॅज प्रत्येक डेस्कच्या हाताशी कसे ठेवणार? कोणीतरी मागे पळत जाऊन खोक्यातून आणणार, तिथेच पंधरा सेकंद गेले. बॅज जागेवर छापणार असाल तर तुमचं म्हणणं मी लगेच मान्य करतो.

माझं मत, तीन गट करा. प्रत्येक गटाला ६०० बॅज, चार-पाच डेस्क, आणि गटापुरती एक रांग. गट अक्षरं सारखी वाटून पाडू नका, काही अक्षरांची आडनावं ढिगाने असतात आणि काहींची चारच. यादी लावा, ६०० व्या नावावर पहिली रेघ, १२०० व्या नावावर दुसरी.

अभिजित
मग नावापेक्षा नोंदणी क्रमांकच घ्या, १ ते ६०० इकडे. वाटणी एकदम समान आणि स्पेलिंगची भानगड नाही.

रेश्मा
क्रमांक कोणाच्या लक्षात असतो? रांगेत प्रत्येक जण मेल शोधत बसेल आणि गर्दीत नेटवर्क बसलेलं असतं. स्वतःचं नाव तरी माणूस विसरत नाही. यादीची छापील प्रतही प्रत्येक गटाकडे हवीच, नेट गेलं तर पेनाने टिक करून काम चालू राहतं.

अभिजित
क्रमांक आदल्या दिवशी मेसेज करून पाठवा की. मला अजूनही तेच बरं वाटतं.

मुक्ता
समजा सगळं करूनही ९:२० ला रांग लांबच असली तर? आमचे अध्यक्ष म्हणतायत की सरळ आत सोडू, बॅज चहाच्या वेळी देऊ.

रेश्मा
मी सोडेन. फी भरलेल्या माणसाला पहिलं भाषण बुडवायला लावणं मला पटत नाही. ओळखपत्र बघा, मनगटाला पट्टी बांधा, आत जाऊ द्या.

टाचणी
मी नाही सोडणार, निदान सरसकट नाही. समजा ४५० जणांना असं सोडलं. ते सगळे चहाच्या सुट्टीत एकाच क्षणी डेस्कवर येतील. सुट्टी १५ मिनिटांची आणि डेस्क मिनिटाला १५ सोडणारे असले तर २२५ होतात, निम्म्यांचा चहाही जातो आणि पुढच्या सत्राची सुरुवातही. शिवाय आत नेमके किती लोक आहेत हे कोणालाच माहीत नसतं, सभागृहाची क्षमता भरत आली असेल तर हे धोक्याचं आहे. त्यापेक्षा आधी कळायची सोय करा. रांगेतली माणसं भागिले मिनिटाला सुटणारी माणसं, एवढीच मिनिटं शेवटच्याला लागणार. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम तो हाच, त्याला फार गणित लागत नाही. एका गटातून मिनिटाला ८ सुटत असतील आणि तुम्हाला दहा मिनिटांच्या वर थांबवायचं नसेल तर ८० वा माणूस जिथे उभा राहील तिथे जमिनीवर टेप लावा. शेपूट टेपला लागलं की राखीव डेस्क उघडायचे, कोणाला विचारत बसायचं नाही.

रेश्मा
टेप मान्य. पण राखीव उघडूनही शेपूट टेपच्या बाहेरच असेल तर? पट्टीवाले मोजायला दारात हातात काउंटर घेऊन एक माणूस पुरतो, तेव्हा क्षमतेचा मुद्दा सुटतो. आणि चहाला सगळे एकदम येऊ नयेत म्हणून पट्ट्या तीन रंगांच्या करा, एक रंग चहाला, एक जेवणाला, एक संध्याकाळी.

टाचणी
रंगांचं जमू शकेल. पण बॅजशिवाय दिवसभर फिरणारा माणूस प्रत्येक सभागृहाच्या दारात अडवला जाणार, तिथल्या व्हॉलंटियरना आधीच सांगून ठेवलंत तरच हे जमेल.

मुक्ता
शनिवारी दहा जणांना उभं करून वेळ मोजते आणि खरा आकडा इथे टाकते. तीन गट नक्की, आदली संध्याकाळ नक्की. पट्टीचं अध्यक्षांशी बोलावं लागेल, आणि क्रमांक की नाव यावर टीममध्ये अजून दोन तट आहेतच.