मदत हवी आहे: सत्रारंभी पालकांना पाठवायच्या पत्राबद्दल

सर्वांना नमस्कार. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते आणि सत्रारंभी पालकांना पाठवायचे पत्र लिहीत आहे. पहिला पाठ लूककृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील, येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला हा आहे. घरची उजळणी म्हणजे पाठांतर, असे बरेच पालक धरून चालतात. मग मुले गोष्ट घडाघडा सांगतात, पण वाटेत पडलेल्या जखमी माणसाला टाळून जाणारे याजक आणि लेवी हे मंदिरातले धर्मसेवक होते आणि थांबणारा मात्र यहुदी ज्यांच्याशी फटकून वागत त्या समाजातला होता, हा गाभाच निसटतो. म्हणून मी असे सुचवले आहे की पालकांनी गोष्ट मुलाकडून ऐकावी, मध्येच दुरुस्त करू नये आणि शेवटी येशूचाच प्रश्न विचारावा: तिघांपैकी शेजारी कोण ठरला? ‘शोमरोनी’ एवढेच उत्तर आले, तर त्याने काय काय केले, हे विचारावे. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणे, उतारशाळेत नेणे, खर्चाचे पैसे देणे हे मुलाला सांगता आले, तर पाठ पोहोचला असे मी समजते. तात्पर्य पालकांनी आधीच सांगून टाकू नये, ही विनंती उपदेशासारखी न वाटता कशी लिहावी? आणि ज्या पालकांना हा दाखला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी पत्रासोबत पूर्ण उतारा द्यावा की सारांश पुरेल?