अनुभव धागा : भट्टीवरचा छोटासा चटका आणि मग सुजलेला हात

धागा काढायचं कारण आमचे नाना. चाळीसगाव-धुळे रोडवरच्या हॉटेलात आचारी आहेत, मी तिथे गल्ल्यावर असतो. लग्नसराईत शेवभाजीची तर्री काढताना कढईचा तापलेला काठ त्यांच्या मनगटाच्या वर घासला, बोटभर लाल पट्टा उठला बस. "काही नही व्हत रे भो, बरं व्हई जाई" म्हणत वरून कणीक चोपडली, खांद्यावरचा गमछा गुंडाळला आणि परत भट्टीवर. दुसऱ्या दिवशी फोड आला, तो भरताच्या वांग्यांची सालं काढताना फुटला. आग मात्र कमी झाली होती म्हणून ते निर्धास्त. तिसऱ्या रात्री हात ठणकायला लागला. खाली सोडला की जास्त, उशीवर ठेवला की जरा बरं. सकाळी कोपरापर्यंत सूज, कातडी ताणून चकचकीत झालेली, हात लावला तर गरम, आणि मनगटातला काळा दोरा मांसात रुतलेला. तरी गडी म्हणतो दुपारची गर्दी काढून जातो. मी ऐकलं नाही, दोरा कापला आणि गाडीवर बसवलं.

डॉक्टरांनी पहिले लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली आणि साखर तपासली, ती बरीच वाढलेली निघाली, नानांना माहीतच नव्हतं. ॲडमिट करून सलाईनमधून अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, हात उंच टांगून. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, हॉटेलवाल्यांनी तर जरूर लिहा.

तापीकाठ : आमच्याकडे चटका बसला की लगेच बर्फ लावतात, आग पटकन थांबते. फोड फोडायचा नाही एवढं पाळायचं. नानांचा फोड फुटला तिथेच घोळ झाला.

सिस्टर_पाचोरा : तापीकाठ, फोडाचं बरोबर पण बर्फ नको, भाजलेली कातडी त्याने आणखी मरते. नळाचं साधं पाणी, धार लावून वीस मिनिटं, घड्याळ बघून, कारण गर्दीच्या वेळी माणूस दोन मिनिटांत हात काढतो. पाण्याआधीच नाहीतर पाणी चालू असताना अंगठी, कडं, दोरा काढायचा, नंतर सूज आली की निघत नाही. कणीक, हळद, टूथपेस्ट काही नको. नानांच्या बाबतीत खरी खूण वेगळी होती, दुखणं कमी होऊन परत वाढलं. भाजलेलं रोज थोडं थोडं कमी दुखायला पाहिजे, उलटं फिरलं की आत जंतू पसरताहेत असं धरा. लाल रेघ काखेकडे चढली, काखेत गाठ आली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

मांडेवाली_ताई : माझं जरा वेगळंय. आमच्या आत्याबाई खापरावर मांडे करतात, पोळी हातावर पसरवून टाकायची म्हणून कोपरापर्यंत चटके ठरलेलेच. त्या म्हणतात दुखत नाही म्हणजे काळजी नाही. मागे एक पांढरट डाग पडला होता, त्यात काहीच दुखत नव्हतं, तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. असं कसं?

सिस्टर_पाचोरा : ताई, तो खोल भाजला असणार. खोल गेलं की तिथल्या नसाच जळतात म्हणून दुखत नाही. पांढरा आणि बधिर डाग असेल तर लहान असला तरी दाखवा.

भुसावळचा_भाऊ : साखर नसती तर नानांना काहीच झालं नसतं. माझ्या हातावर किती चटके आहेत, कधी डॉक्टर नाही पाहिला.

सिस्टर_पाचोरा : असं सांगता येत नाही भाऊ. साखरेने जोर वाढतो, पण फुटलेल्या फोडावर घामट गमछा बांधला तर कोणालाही होऊ शकतं.

तापीकाठ : मग आचाऱ्याने पट्टी बांधून काम करायचं का नाही? मालक तर सुट्टी देत नाहीत.

सिस्टर_पाचोरा : पू असेल तर अजिबात नाही. त्या जंतूंनी अन्नात केलेलं विष नंतर उकळूनही जात नाही. पू नसेल तर नीट झाकून, कोरडं ठेवून हलकी कामं. पगाराचं मी काय सांगू.

धागाकर्ता : पगाराचंच भांडण सुरू आहे आमच्याकडे. नाना परत आलेत, पण मालक त्यांना फक्त हिशोबाला बसवतोय आणि अर्धाच रोज देतो म्हणतोय. मी भट्टीजवळ पाण्याचा नळ मागितलाय, सध्या नळ मागे भांडी घासायला आहे, तिथपर्यंत जाईतो तर्री करपते म्हणून कोणी जात नाही. प्लंबर बघून गेला, पाइप कुठून आणायचा ते ठरत नाहीये. कोणी हॉटेलात भट्टीजवळ नळ घेतला असेल तर कसा घेतला ते सांगा.