x^n e^(ax) चा रिडक्शन फॉर्म्युला: उत्तर ऋण येत आहे, मदत हवी आहे

कोथरूडचा_एफई

नमस्कार. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असून सध्या एम-टूची तयारी करीत आहे. x^n e^(ax) चा रिडक्शन फॉर्म्युला मी स्वतः काढला आणि तो पुस्तकातल्याशी जुळला, परंतु त्याचा उपयोग करून सोडवलेले एक उदाहरण काही केल्या जुळत नाही. सूत्र काढताना मी बाय पार्ट्समध्ये x^n ला u मानले, कारण त्याचे विकलन केले की घात एकाने उतरतो, आणि e^(ax) चे संकलन केले तरी ते तसेच राहते, फक्त a ने भागले जाते.

```
I_n = ∫ x^n e^(ax) dx
I_n = x^n e^(ax)/a - (n/a) I_(n-1)
```

उदाहरण 0 ते 1 या मर्यादांमध्ये x^3 e^(-2x) चे संकलन काढण्याचे आहे. पहिल्या पदात 0 ठेवल्यावर x^n मुळे ते नाहीसे होते, आणि 1 ठेवल्यावर -e^(-2)/2 उरते. त्यावरून मी पुढीलप्रमाणे गेलो.

```
I_n = -e^(-2)/2 - (n/2) I_(n-1)
I_0 = (1 - e^(-2))/2
I_1 = -1/4 - e^(-2)/4
I_2 =  1/4 - e^(-2)/4
I_3 = -3/8 - e^(-2)/8
```

पुस्तकामागील उत्तर मात्र 3/8 - (19/8) e^(-2) असे आहे. कालपासून अभ्यासिकेत बसून तीन वेळा हीच आकडेमोड केली, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आले. u ची निवड चुकली आहे का?

चाकणचा_देखभालवाला

एवढा खटाटोप कशासाठी करता? हे संकलन आमच्या रोजच्या वापरातले आहे. यंत्राच्या दोन बिघाडांमध्ये किती काळ जातो, याचा अंदाज बांधताना ते हमखास येते. त्याचे उत्तर n!/2^(n+1) असते, म्हणजे येथे 6/16, अर्थात 3/8. पुस्तकातले e^(-2) चे पद छपाईच्या चुकीने आले असावे, असे मला वाटते.

लिएट_समर्थक

चूक निवडीत नाही. लिएटच्या नियमाप्रमाणे x^n हा u आणि घातांकी फल शेवटी, हेच बरोबर आहे. उलट निवड केली असती तर घात n वरून n+1 वर चढला असता आणि सूत्रच चुकले असते. चिन्हांची आकडेमोड मात्र पुन्हा एकदा तपासावी.

फळा_आणि_खडू

धागाकर्त्यांनी काढलेले सूत्र पूर्णपणे बरोबर आहे; चूक a = -2 ठेवताना झाली आहे, आणि तीही एकाच ठिकाणी. पहिल्या पदात तुम्ही -2 ने भागले, परंतु दुसऱ्या पदातील n/a मध्ये a च्या जागी नुसते 2 ठेवले. सूत्रातले उणे आणि a चे उणे मिळून तेथे अधिक व्हायला हवे होते.

```
I_n = -e^(-2)/2 + (n/2) I_(n-1)
I_0 = 1/2 - (1/2) e^(-2)
I_1 = 1/4 - (3/4) e^(-2)
I_2 = 1/4 - (5/4) e^(-2)
I_3 = 3/8 - (19/8) e^(-2)
```

शेवटच्या पायरीत 5/4 ला 3/2 ने गुणून 15/8 मिळतात, त्यात 4/8 मिळवले की 19/8 होतात. किंमत सुमारे 0.0536 येते.

खरे तर तीन वेळा तीच आकडेमोड करण्याऐवजी तुम्ही I_1 पाशीच थांबायला हवे होते. 0 ते 1 मध्ये x e^(-2x) कोठेही ऋण नाही, तेव्हा त्याचे संकलन ऋण येऊच शकत नाही. एवढेच नव्हे, तर या मर्यादांत e^(-2x) हे e^(-2) आणि 1 यांच्या दरम्यान असते, म्हणून I_3 हे e^(-2)/4 म्हणजे सुमारे 0.034 आणि 1/4 यांच्या मध्येच सापडले पाहिजे. 0.0536 त्यात बसते.

चाकणच्या सद्गृहस्थांचे 0.375 मात्र बसत नाही, कारण त्यांचे सूत्र 0 ते अनंत या मर्यादांसाठी आहे. तेथे वरच्या टोकाला x^n e^(-2x) शून्याकडे जाते, सीमेवरचे पद गळते, आणि म्हणून नुसते n!/2^(n+1) उरते. पुस्तकातले उत्तर त्यांच्याच उत्तरातून 1 ते अनंत हा शेपटीचा भाग वजा करून येते, आणि तो भाग म्हणजेच (19/8) e^(-2), सुमारे 0.321. ती छपाईची चूक नव्हे.

लिएटच्या बाबतीत एक दुरुस्ती सुचवतो. उलट निवड केल्यास सूत्र चुकत नाही. तेच सूत्र n च्या जागी n+1 ठेवून आणि पदे इकडची तिकडे करून मिळते. फक्त त्याने आपण I_0 पासून दूर जातो, म्हणून हाताने सोडवताना त्याचा उपयोग होत नाही.

हिंजवडीचा_प्रवासी

माझा अनुभव असा की, हे सूत्र मोठ्या n साठी चालतच नाही. मी स्प्रेडशीटमध्ये e^(-2) ची किंमत 0.1353353 अशी लिहून हीच साखळी n = 20 पर्यंत ओढली, तर उत्तर उणे 1,43,700 च्या आसपास आले. चिन्ह बरोबर ठेवूनसुद्धा!

फळा_आणि_खडू

उत्तर चुकले आहे हे खरे, पण दोष सूत्राचा नाही. तुम्ही सातव्या दशांश स्थळानंतर जे तोडले ती चूक प्रत्येक पायरीला n/2 ने गुणली जाते, आणि I_0 मधली चूक I_20 पर्यंत पोहोचताना 20!/2^20 पटींनी, म्हणजे सुमारे 2.3 लाख कोटी पटींनी वाढते. वाटेत दर पायरीला मिसळणारी e^(-2) मधली चूक आणखी वेगळी. I_20 ची खरी किंमत 0.0071 च्या जवळपास असल्यामुळे ती या गोंधळात बुडून जाते. n = 3 पर्यंत हे जाणवतही नाही.

लिएट_समर्थकांनी मोडीत काढलेली उलटी दिशा येथे उपयोगी पडते.

```
I_(n-1) = (2/n) (I_n + e^(-2)/2)
```

I_30 सरळ शून्य धरा आणि दहा पायऱ्या खाली उतरा. शून्य धरणे ही चूकच आहे, पण आता ती 2/30, 2/29 अशा लहान अपूर्णांकांनी गुणली जात असल्यामुळे I_20 पर्यंत ती नगण्य होते. तुम्ही लिहिलेली e^(-2) ची सात स्थळेही मग पुरतात.

कोथरूडचा_एफई

मनःपूर्वक आभार. वहीत पाहिले, तर a = -2 हे मी कंसाशिवाय लिहिले होते आणि तेथेच उणे निसटले होते. आता I_3 जुळले. लिएटची उलटी दिशा परीक्षेत विचारतील असे वाटत नाही, पण आज रात्री स्प्रेडशीटवर करून पाहतो.

चाकणचा_देखभालवाला

मर्यादा मी नीट वाचल्या नव्हत्या, हे मान्य. पण आता माझाच एक प्रश्न उभा राहतो. आमच्याकडे n पुष्कळदा 2.5 असा येतो, आणि निरीक्षणही ठरावीक तासांनंतर थांबवलेले असते, म्हणजे वरची मर्यादा अनंत नसते. तेव्हा ही साखळी कोठे थांबवायची?

फळा_आणि_खडू

2.5, 1.5, 0.5 असे उतरत -0.5 पर्यंत जाता येते, आणि x^(-0.5) शून्यापाशी फुगत असले तरी संकलन सांत राहते. त्याच्या खाली मात्र जाता येत नाही, आणि तो शेवटचा तुकडा e आणि साध्या अपूर्णांकांत मांडता येत नाही. x = t^2 ठेवून त्याचे रूप e^(-2t^2) च्या संकलनात बदलते; त्याच्या किमती तक्त्यातून किंवा यंत्रावरच घ्याव्या लागतात. तुमची वरची मर्यादा किती तासांची आणि a किती, हे कळल्याशिवाय पुढे सांगता येणार नाही.