मदत हवी आहे: ३२ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोजचा मोठा अपडेट बसत नाहीये

भाऊ लोकं, अमळनेरला भाचीकडे छोटा लॅपटॉप आहे, स्टोरेज बोर्डावरच चिकटवलेलं त्यामुळे बदलता येत नाही. ३२ जीबीतले सी ड्राइव्हला २८.८ च दिसतात. विंडोज १० चं 1809 आहे, 22H2 टाकायला गेलो तर जागा कमी सांगतं. डाऊनलोड्स पेनड्राइव्हवर हलवले, डिस्क क्लीनअपमधून सिस्टिम फाइल्स साफ केल्या, आणि हे चालवलं,

```
powercfg /h off
```

रॅम ४ जीबी आहे, हायबरनेशनची फाइल गेल्यावर दीडेक जीबी सुटली, तरी मोकळे ५.९ च. आता सेटअप म्हणतो १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. तो अपडेट पूर्ण होईपर्यंत काढायचाच नाही ना, मधले रिस्टार्ट धरून? आणि आधी CompactOS करू का, का प्रोसेसर फार हळू पडेल? कोणी केलंय का?