इंटरमिजिएटचे वाढीव गुण: ठेवावेत की काढावेत?

रेघोट्या: शासकीय रेखाकला परीक्षेतल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला गुण मिळतात. या गुणांपायी मुलं चित्र काढायला न शिकता ठरावीक चित्रं घोकतात. गुण बंद करावेत का?

जलरंग: बंदच करावेत. घोकंपट्टी स्मरणचित्रात लगेच ओळखू येते. विषय भाजी मंडईचा असो की बसथांब्याचा, क्लासमधून पाठ करून आणलेली टोपलीवाली बाई, छत्रीवाला आणि पाठमोरा मुलगा तिथे येतातच. प्रत्येक आकृती एकटी पाहिली तर नीट असते, पण एकत्र आल्या की जमीनच हरवते. सपाट जमिनीवर आपल्याच उंचीची माणसं उभी असतील तर जवळच्याचं आणि लांबच्याचं डोकं साधारण एकाच रेषेवर येतं, पाय मात्र वरखाली होतात. घोकलेल्या चित्रात लांबचा माणूस नुसता लहान केलेला असतो, म्हणून तो बुटका दिसतो किंवा खड्ड्यात उभा असल्यासारखा वाटतो.

दोन नंबर बेंच: गुण काढू नका हो. एलिमेंटरीला थोडे आणि इंटरमिजिएटला 15 मिळतात, तेवढ्यासाठी तरी पोरं ब्रश हातात धरतात.

खडूफळा: एलिमेंटरीला एकही गुण मिळत नाही. ती फक्त इंटरमिजिएटला बसण्याची पायरी आहे. 15, 10, 5 हा आकडा सुरुवातीला होता, तो 2017 मध्येच खाली आला. आता ए श्रेणीला 7, बीला 5 आणि सीला 3 गुण आहेत.

हिशोब करून बघा. पाच विषयांत 500 पैकी 462 म्हणजे 92.40 टक्के. त्यात सी श्रेणीचे 3 मिळवले की 93, आणि ए श्रेणीचे 7 मिळवले की 93.80. म्हणजे सी आणि ए यांत फरक 0.80 टक्क्याचा. अकरावीच्या यादीत एवढ्यानंही कॉलेज बदलतं, म्हणून पालक धावतात. पण जलरंग म्हणतात ती घोकंपट्टी गुणांमुळे आली, हे मला पटत नाही. तयार आकृत्या आधीही पाठ केल्या जायच्या. दोष प्रश्नाच्या घडणीत आहे. विषय इतके ठरलेले असतात की तयारी करून येणंच शहाणपणाचं ठरतं.

नववीची आई: माझी मुलगी सीबीएसईला आहे. एलिमेंटरीत तिला बी श्रेणी आहे. शाळेत केंद्र नसेल तर दहावीचे गुण कसे मिळतील?

खडूफळा: ताई, केंद्राचा प्रश्न नंतरचा. जवळच्या केंद्र असलेल्या शाळेत विचारलं तर परीक्षेला कसं बसता येईल ते कळेल. पण हे गुण राज्य मंडळाच्या दहावीलाच आहेत, सीबीएसई ते धरत नाही. पुढे कलाशाखेकडे जायचं असेल तर मात्र तयारी वाया जात नाही. राज्याच्या बीएफए प्रवेश परीक्षेतही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आहे.

राज्य मंडळाच्या मुलांसाठी सोयीचा क्रम म्हणजे आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट. दहावीत बसलं तर निकाल आणि शाळेमार्फत मंडळाकडे जाणारा प्रस्ताव यांत फारच कमी दिवस उरतात. प्रमाणपत्र हाती असूनही प्रस्ताव वेळेत गेला नाही, तर गुण हुकतात.

जलरंग: ठीक, प्रश्नाची घडण बदला. पण वस्तुचित्रात तर विषय समोर मांडलेला असतो, तरी मुलं घोकलेलाच घडा काढतात. तोंड लंबवर्तुळ आणि बूड सरळ रेघ! बूड डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा अधिक गोलाईनं वळायला हवी. सरळ रेघ मारली की घडा हवेत तरंगतो. आणि जवळ बसलेल्या मुलाला तोंड अधिक उघडं दिसतं, मागच्याला चपटं. एकाच वर्गातल्या सगळ्या कागदांवर तोंड सारखंच असेल, तर कुणी समोर पाहिलेलंच नाही.

खडूफळा: बुडाचं अगदी बरोबर. पण मुलगा कुठे बसला होता हे तपासणाऱ्याला कळत नाही, त्याच्यासमोर मांडणी नसते. तो फक्त घडा, ठोकळा आणि फळं एकाच नजरेतून काढलीत का, एवढंच पाहू शकतो. घोकलेला घडा आणि समोर पाहून काढलेला ठोकळा एकत्र आले की त्यांची पातळी जुळत नाही, तिथे तो पकडला जातो. सगळंच घोकलेलं आणि आपसांत जुळणारं असेल तर मात्र सुटतो.

रेघोट्या: मग केंद्रावरच्या मांडणीचा फोटो गठ्ठ्यासोबत पाठवला तर?

जलरंग: एका वर्गात दोन-तीन मांडण्या असतात आणि बाक चहूबाजूंनी. कुठला कागद कुठल्या बाकावरचा, हे फोटोवरून कसं ठरवणार? बैठक क्रमांकासोबत बाकाची जागा नोंदवली तर कदाचित जमेल. तरीही गुण काढावेत, हे माझं मत कायम आहे.