'कोटेड व्हेसिकल'ला 'लेपित पुटिका' म्हणावं का?

शिक्षिका, सांगली: अकरावीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. पेशी रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे कण आत घेते, तेव्हा तिच्या पडद्याला खळगा पडतो. त्याला क्लॅथ्रिन या प्रथिनाचा थर असतो. खळगा सुटून आत आला की झाली 'कोटेड व्हेसिकल'. मी 'लेपित पुटिका' लिहिलंय, पण मन घेत नाही. लेप हळदीचा, चंदनाचा, फार तर वज्रलेप. तो सलग असतो.

लॅब टेक्निशियन, विटा: 'वेष्टित' लिहा की. क्लॅथ्रिन एलडीएलला गुंडाळून आत ओढतं.

निवृत्त प्राध्यापक, कराड: 'वेष्टित' चालेल, पण कारण चुकलंय. क्लॅथ्रिन एलडीएलला शिवतसुद्धा नाही. कण बाहेर, क्लॅथ्रिन पडद्याच्या आतल्या अंगाला. कणाला धरतो तो ग्राही. त्याची 50 अमिनो आम्लांची शेपटी पेशीत लोंबते, तिला जोडणारं प्रथिन धरतं आणि त्याला क्लॅथ्रिन.

हे कळलं ते एका मुलामुळे. एलडीएलचा ग्राही शोधणारे शास्त्रज्ञ ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या नोंदींत तो 'जेडी' आहे. त्याच्या पेशींवर एलडीएल नीट चिकटायचं, पण आत जायचं नाही. ग्राही खळग्यांत गोळा न होता पडद्यावर विखुरलेले. पुढे 1986 साली दोष सापडला: शेपटीत 807 व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन. एवढ्यानं पकड सुटली. खळगे मात्र शाबूत होते.

शब्दाचं म्हणाल तर मला शिंकं आठवतं. मडकं आत, जाळी बाहेरून. सुटलेल्या पुटिकेचं तसंच असतं. थोड्या वेळात जाळी उकलते आणि तेच तुकडे पुन्हा वापरात येतात. नावही जाळीवरूनच पडलंय, लॅटिनमधून.

शेतकरी, तासगाव: सर, माझ्या रिपोर्टात एलडीएल 162 आलंय. माझी शिंकी तुटली म्हणायची का?

निवृत्त प्राध्यापक, कराड: नाही काका, नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. जेडीसारखा दोष फार विरळा. तुम्हाला स्टॅटिन दिलं असेल, तर त्यानं यकृताची पेशी स्वतः कोलेस्टेरॉल कमी बनवते आणि तूट भरायला जास्त ग्राही मांडते. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

विद्यार्थिनी, सातारा: सर, शिंकं आधी विणतात, मग त्यात मडकं ठेवतात. इथं खळगा वाकत असतानाच जाळी जुळत जाते ना? तीन पायांचे तुकडे एकमेकांत अडकून षटकोन-पंचकोन होतात. शिवाय शिंकं मी फक्त आजीकडे पाहिलंय.

निवृत्त प्राध्यापक, कराड: बरोबर पकडलंस. उपमा तिथं तोकडी पडते.

शिक्षिका, सांगली: मग 'जाळीवेष्टित पुटिका' लिहिते, शिंकं फळ्यावर काढीन. आणि त्या तीनपायी तुकड्याला 'तिवई' म्हणू का?

विद्यार्थिनी, सातारा: मॅडम, तिवईचे पाय सरळ असतात. याचे गुडघ्यात वाकलेले असतात, म्हणून तर एकमेकांत अडकतात.